दुकान भाड्यानं घेण्याआधी जागा कशी पारखावी? नागपुरातल्या छोट्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. त्याआधी दोन दुकानं घेऊन सोडली, म्हणून ओळखीत कुणी जागा शोधायला निघालं की मला फोन येतो. तेच तेच प्रश्न असतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय, माझ्या वहिनीच्या मॅचिंग सेंटरचं. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, लेस असा माल. तिच्यासमोर दोन जागा होत्या. एक गोकुळपेठ बाजाराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, भाडं २४,००० रुपये. दुसरी त्याच भागात आतल्या रस्त्यावर, भाडं १४,०००. पहिलीला आपण 'मोठी' म्हणू, दुसरीला 'आतली'.

गर्दी मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

डोकी मोजू नका, आपलं गिऱ्हाईक होऊ शकतील अशी माणसं मोजा. हे बोलायला सोपं आहे, पण चौकात उभं राहिलं की माणूस भारावतो. "बाप्पा, किती गर्दी आहे!" असं म्हणून लोक टोकन देऊन मोकळे होतात. त्या गर्दीत निम्मे सिग्नल सुटायची वाट पाहणारे असतात.

मॅचिंग सेंटरसाठी आम्ही वहीच्या पानावर तीन रकाने केले. पहिल्यात दुकानाच्या बाजूनं जाणाऱ्या सगळ्या बायका, पायी असोत की गाडीवर. दुसऱ्यात त्या दुकानाच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच दुकानांत थांबलेल्या. तिसऱ्यात हातात कापडाची, भाजीची, कसलीही पिशवी असलेल्या, कारण पिशवी हातात म्हणजे बाई खरेदीला निघालेली आहे. एका माणसाला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. मोबाईलवर मोजणीचं ॲप असलं तरी चालेल, पण रकाने तीन असले की कागदच बरा पडतो.

समोरच्या फुटपाथवरची माणसं या आकड्यात धरू नका. मध्ये डिव्हायडर असेल तर ती गर्दी तुमची नाही. आणि नागपुरात फक्त पायी चालणारे मोजणं म्हणजे अर्धं गिऱ्हाईक सोडून देणं. आपल्याकडे भाजी आणायलाही ॲक्टिव्हा काढतात. म्हणून गाडीवाल्यांत वेग कमी करून दुकानांकडे बघत जाणारे वेगळे खुणेनं टिपा. भरधाव जाणारा तुमच्या दृष्टीनं रस्त्यावर नसल्यासारखाच आहे.

किती वेळ मोजायचं? दिवसभर उभं राहावं लागतं का?

नाही. १५ मिनिटं मोजायचं आणि चारनं गुणायचं, म्हणजे तासाचा अंदाज मिळतो. मात्र दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात एकदा मोजायला हवं. आम्ही पाच वेळा ठरवल्या: सकाळी ११, दुपारी अडीच, सायंकाळी ५, साडेसहा आणि रात्री ८.

दुपारची मोजणी टाळू नका. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी एक ते साडेचार आपले रस्ते कसे असतात, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. पण दुकान मात्र त्या वेळीही उघडं असतं आणि पंखा, माणूस, भाडं सगळं चालू असतं. जागा दाखवणारा दलाल तुम्हाला नेहमी सायंकाळी साडेसहालाच बोलावतो, त्यामागे कारण आहे.

कोणत्या दिवशी मोजू नये?

आठवडी बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या. महालातला बुधवार बाजार किंवा सदरजवळची मंगळवारी अशा भागात त्या वाराला मोजलं तर आकडा फुगून येतो, आणि त्यातलं बरंचसं गिऱ्हाईक रस्त्यावरच्या दुकानांकडेच जातं. बाजाराचा वारही मोजा, पण तो वेगळा लिहा.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाईन्स, सदर, बर्डी या भागातली मोजणी फारशी उपयोगाची नाही. रस्ते वळवलेले, बंदोबस्त, मोर्चे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या चारी बाजूंना जी लोटते ती गर्दी वर्षभर तिथे राहणारी नाही. दिवाळीच्या आधीचे १५ दिवस तर कुठलीही जागा सोन्याची वाटते. आणि कॉलेज-होस्टेलच्या भरवशावरची जागा असेल तर ती सुट्टीत जाऊन पाहा. माझ्या पहिल्या दुकानासमोर जूनपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.

निदान तीन दिवस लागतात: एक साधा वार, एक शनिवार किंवा रविवार, आणि त्या बाजारपेठेचा साप्ताहिक बंद सोडून आणखी एक साधा वार.

१५ मिनिटांच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा का?

मोठ्या आकड्यावर ठेवा, लहानावर नको. १५ मिनिटांत ६० बायका गेल्या असतील तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ५० किंवा ७० निघतील, चित्र तेच राहील. पण दुकानात शिरलेल्या चारच असतील तर दुसऱ्या दिवशी त्या दोन असू शकतात किंवा सात. म्हणून रस्त्यावरची मोजणी १५ मिनिटांची चालते, पण 'किती आत शिरल्या' हे मोजायला पूर्ण तास, तोही दोन-तीनदा, द्यावा लागतो. चहाच्या ठेल्यावर बसायचं. दोन चहा होतात, एवढाच खर्च.

आणि दोन जागांची तुलना करताना वेळ एकच हवी. मोठी जागा शनिवारी सायंकाळी आणि आतली मंगळवारी सकाळी मोजली तर ती तुलना नाही.

मोजून झालं. आता त्या आकड्यांचं करायचं काय?

इथे लोक थांबतात. "मोठ्या रस्त्यावर दुप्पट गर्दी आहे, म्हणून दुप्पट भाडं ठीक" असं म्हणून मोकळे होतात. मला विचाराल तर भाड्यातला फरक रुपयांत बघूच नका, बिलांत बघा.

वहिनीचा हिशेब असा मांडला. मदतीची मुलगी १०,०००, वीज ३,०००, किरकोळ ३,०००, आणि घरी न्यायचे निदान २०,०००. हे ३६,००० दोन्ही जागांना सारखेच. त्यात भाडं मिळवलं की मोठ्या जागेचा महिन्याचा भार ६०,००० आणि आतल्या जागेचा ५०,०००. तिच्या मालावर शंभर रुपयांच्या विक्रीमागे ३० सुटतात असं धरलं. म्हणजे मोठ्या जागेत महिन्याला २ लाखांची विक्री हवी. २६ दिवस दुकान उघडं आणि सरासरी बिल २२० रुपयांचं धरलं तर रोज ३५ बिलं. आतल्या जागेत हाच हिशेब रोज २९ बिलांवर येतो.

म्हणजे १०,००० रुपयांचा फरक हा प्रत्यक्षात रोजच्या ६ बिलांचा फरक आहे. आता प्रश्न सोपा झाला. मोठा रस्ता वहिनीला रोज सहा बिलं जास्त देईल का?

मोठ्या जागेपुढे पाच वेळांना १५ मिनिटांत गेलेल्या बायकांची तीन दिवसांची सरासरी अशी निघाली: सकाळी २२, दुपारी ६, पाच वाजता ३०, साडेसहाला ५८, आठ वाजता ३४. प्रत्येक आकड्याला चारनं गुणून तासाचा केला आणि दिवसातला तो तुकडा जितक्या तासांचा तितक्यानं परत गुणलं. सकाळचे दोन तास, दुपारचे साडेतीन, नंतरचे तीन तुकडे दीड-दीड तासाचे. बेरीज आली ९९२. आतल्या जागेची याच पद्धतीनं ५६६.

नुसतं एवढं पाहिलं तर मोठी जागा पुढे. पण शंभरातल्या किती आत शिरतील? हे रिकाम्या दुकानापुढे उभं राहून कळत नाही. त्यासाठी तशाच रस्त्यावर चालू असलेलं तसंच दुकान गाठावं लागतं. तशाच एका मोठ्या रस्त्यावरच्या मॅचिंग सेंटरसमोर आम्ही बसलो. शंभर बायका गेल्या तर साधारण चार आत शिरत होत्या. आतल्या रस्त्यावर धागे-लेस विकणारं एक लहान दुकान होतं, तिथे हेच प्रमाण शंभराला साडेसहा निघालं. बाहेर पडणाऱ्यांपैकी चारातल्या तिघींच्या हाती सामान होतं, दोन्हीकडे जवळपास सारखंच.

तर मोठी जागा: ९९२ चे शेकडा चार म्हणजे ४० जणी, त्यातल्या ३० घेणार. लागणार ३५. आतली जागा: ५६६ चे शेकडा साडेसहा म्हणजे ३७, त्यातल्या २८ घेणार. लागणार २९. दोन्ही कमीच पडतात, पण मोठी पाचनं आणि आतली एकानं.

हिशेब कमी पडतो, म्हणजे जागा सोडून द्यायची?

हिशेब उलटा चालवा. ३० बिलं गुणिले २२०, गुणिले २६ दिवस, त्याचे ३० टक्के म्हणजे साधारण ५१,५००. त्यातून ३६,००० वजा केले तर उरले साडेपंधरा हजार. म्हणजे मॅचिंग सेंटरसाठी त्या मोठ्या जागेचं भाडं साडेपंधरा हजारच आहे, घरमालक २४,००० मागतो तो त्याचा प्रश्न. त्याच जागेत मोबाईलचं किंवा औषधांचं दुकान कदाचित २४,००० सहज पेलेल. घरमालक लुटतोय असं समजायचं कारण नाही, ती जागा आपल्या धंद्याची नाही इतकंच. आतल्या जागेचं हेच गणित १२,००० वर येतं. बोलणी करताना हा आकडा आपल्या खिशात असावा, समोर ठेवायचा नाही.

आतल्या रस्त्यावर शंभरातल्या जास्त बायका का शिरतात?

शेजाऱ्यांमुळे. त्या जागेच्या वीस पावलांत दोन लेडीज टेलर आणि एक पिको-फॉलवाली होती. टेलरच्या दुकानातून बाई बाहेर पडते ती हातात साडी घेऊन आणि "अस्तर आणून द्या, मग शिवतो" हे ऐकून. ती रस्त्यावरून जाणारी बाई नाही, ती खरेदीला निघालेलीच आहे. मोठ्या रस्त्यावर शेजारी बँक, चष्म्याचं दुकान आणि एका पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर. गर्दी त्यांचीही आहे, पण रक्त तपासायला उपाशीपोटी आलेली बाई लेस बघायला थांबत नाही.

मग शेजारी पारखायचे कसे?

माझ्या डोळ्यासमोर तीन प्रकार असतात. काही शेजारी गिऱ्हाईक पाठवतात. जसा मॅचिंगला टेलर, स्टेशनरीला शाळा, फोटोफ्रेमला लग्नपत्रिकावाला. काही नुसतेच शेजारी असतात. बँक किंवा ऑफिसं पाच वाजता शटर ओढतात, त्यानंतर तेवढा भाग अंधारा होतो आणि लोक तिथून पावलं उचलतात. अशा दोन शटरांच्या मधलं दुकान सायंकाळी, म्हणजे खऱ्या धंद्याच्या वेळी, एकटं पडतं.

तिसरा प्रकार तुमची जागा खाणाऱ्यांचा. माझं दुसरं दुकान मी यामुळेच सोडलं. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता. मी खुश, विद्यार्थी म्हणजे वह्या-पेन. झालं असं की सायंकाळी ४ ते ८ माझ्या दुकानापुढे साठेक गाड्या लागायच्या, हँडलला हँडल. मुलं वह्या क्लासकडूनच घ्यायची, आणि माझं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून पुढे निघून जायचं. मी सकाळी ११ वाजता जागा पाहून होकार दिला होता. दारूचं दुकान, बार किंवा सायंकाळी गर्दी होणारं भोजनालय शेजारी असेल तर जेवढं गिऱ्हाईक पुरुषांचं असेल तेवढं सोसतं, बायकांचं असेल तर सात वाजेनंतर जाऊन स्वतः पाहा. घरातल्या बाईला घेऊन जा. ती पाच मिनिटांत सांगेल ते आपल्याला पाच दिवसांत कळत नाही.

शेजारी आपलाच धंदा असेल तर जागा बाद?

मालावर अवलंबून आहे. ज्या वस्तूसाठी माणूस दोन-चार दुकानं फिरून ठरवतो, तिथे एकत्र असणं बरं. इतवारीत सराफा आहे तो सराफ्यातच शोभतो. पण ब्रेड, दूध, वही-पेन हे जिथे पहिलं दिसेल तिथे घेतात, तिथे शेजारचा जुना दुकानदार तुम्हाला बसू देणार नाही. मॅचिंग यांच्या मधलं आहे. बाईला शेड नाही मिळाला की ती दुसरीकडे जातेच, म्हणून एक जुनं दुकान शंभर पावलांवर असलं तरी चालतं. अगदी लागून नको.

ही जागा आधीच्या लोकांनी का सोडली, हे कसं कळणार?

घरमालकाला विचारा, पण उत्तर धरू नका. "त्यांची बदली झाली", "त्यांनी मोठं घेतलं" ही ठरलेली उत्तरं आहेत. खरं उत्तर इस्त्रीवाल्याकडे आणि पानठेल्यावर मिळतं. आतल्या जागेच्या समोरच्या इस्त्रीवाल्यानं वहिनीला पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, घेऊन राहिल्या काय? काहून गेला होता तो पहिलावाला, ठाव आहे का?" आधीचा केक विकायचा. तो का गेला हे इस्त्रीवाल्यानं पाच मिनिटं सांगितलं, आणि त्यात रस्त्याचा दोष नव्हता.

शटरच्या वरची भिंत बघा. जुन्या बोर्डांची भोकं, रंगाखालून डोकावणारी अक्षरं मोजा. तीन वर्षांत तीन बोर्ड लागून उतरले असतील तर तुम्ही चौथे आहात. आणखी एक उपाय म्हणजे महावितरणचं बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो. घरमालक म्हणतो "गेल्या महिन्यापर्यंत दुकान जोरात चालू होतं" आणि बिलावर सहा महिने नगण्य युनिट दिसतात, तर काय समजायचं ते समजा. मीटर व्यापारी दराचा आहे की घरगुती, हेही त्याच कागदावर कळतं.

दुकान दिसतं की नाही, हे कसं तपासायचं?

स्वतः गाडीवर बसून, दोन्ही बाजूंनी. दुकानासमोर उभं राहून दुकान नेहमीच छान दिसतं.

ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं गाडी सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. चालवणाऱ्यानं बोर्ड वाचून, ठरवून, इंडिकेटर देऊन डावीकडे व्हायला चार-पाच सेकंद तरी लागतात. म्हणजे बोर्ड ३५-४० मीटर आधी वाचता आला पाहिजे. मागे कुणाला तरी बसवा, त्यानं बोर्ड वाचता येताच "आता" म्हणायचं, आणि तो विजेचा खांब लक्षात ठेवायचा. मग पावलांनी अंतर मोजा.

रिकाम्या दुकानावर बोर्ड नसतो, म्हणून पुठ्ठ्यावर ठळक अक्षरं लिहून शटरला लावा. ढोबळ नियम असा धरतात की दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर असलं तर आरामात वाचता येतं. ४० मीटर म्हणजे १३० फूट, म्हणजे अक्षर तेरा इंचांचं. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर-खाली जागा खातात, म्हणून ही उंची शिरोरेघेखालच्या अक्षराची धरा. आणि नाव लांब ठेवू नका. सात शब्दांचं नाव दहा फुटांच्या बोर्डावर बसवलं की अक्षरं बोटाएवढी होतात. मराठीत बोर्ड तर कायद्यानंच लागतो, २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मग मोठं अक्षर मराठीच करा.

रस्त्याला समांतर लावलेला बोर्ड समोरून येणाऱ्याला तिरका दिसतो, म्हणजे जवळपास दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे भिंतीला काटकोनात बाहेर काढलेला छोटा बोर्ड. तो लावायची परवानगी घरमालक देतो का, हे आधी विचारा. मधे काय येतं ते टिपून घ्या: कडुनिंबाची फांदी, महावितरणची डीपी, शेजाऱ्याचं पत्र्याचं शेड, आणि दिवसभर एकाच ठिकाणी उभी राहणारी व्हॅन. फांदी छाटता येते, डीपी हलत नाही.

रस्त्याची कोणती बाजू चांगली?

सायंकाळी घरी परतणाऱ्यांची डावी बाजू. सकाळी ऑफिसला निघालेला माणूस थांबत नाही, सायंकाळी परतणारा थांबतो, आणि आपण डावीकडून चालतो. समोरच्या बाजूला दुकान असेल तर डिव्हायडरमधली कट कुठे आहे ते पाहा. तीनशे मीटर पुढे जाऊन वळून यायचं असेल तर लेससाठी कुणी येणार नाही, सोफ्यासाठी येईल.

मेट्रो किंवा उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावर जागा घ्यावी का?

भाडं त्याप्रमाणे असेल तरच. वर्धा रोडला किंवा सदरला पूल झाले तेव्हापासून वरून जाणारी गाडी खालच्या दुकानाच्या दृष्टीनं नाहीच. घरमालक मात्र भाडं मोजताना वरची वाहनंही आपल्याच खात्यात धरतो. खालून जाणाऱ्यांना खांबाआड बोर्ड किती वेळ दिसतो ते वर सांगितल्याप्रमाणे गाडीवरून तपासा. मेट्रो स्टेशनचा जिना ज्या बाजूला उतरतो तिथलं पायी गिऱ्हाईक खरं असतं. पण जिन्यापासून दीडशे पावलं पुढे मोजलं की आकडा किती गळतो ते बघाच. बरेचसे लोक जिन्याखाली लावलेली गाडी काढून थेट निघतात.

ऊन, पाऊस, रस्त्याची उंची यांचा दिसण्याशी काय संबंध?

पश्चिमेकडे तोंड असलेलं दुकान मार्चपासून दुपारी भट्टी होतं. मग दुकानदार हिरवी जाळी किंवा ताडपत्री खाली सोडतो आणि बोर्ड, माल, दार सगळं झाकलं जातं. चार महिने दुकान बंद असल्यासारखं दिसतं. मॅचिंगमध्ये तर आणखी गंमत. बाई साडीचा पदर घेऊन दारात येते, कारण ट्यूबलाईटखाली मोरपंखी आणि हिरवा एकच वाटतात. दारात हिरवी जाळी असेल तर तिच्या सावलीत प्रत्येक कापडावर हिरवट झाक येते. शेड चुकतो, आणि घरी जाऊन कळलं की ती परत करायला येते. आतली जागा उत्तरेकडे तोंड केलेली होती, दिवसभर सारखा, थेट ऊन नसलेला उजेड. वहिनीसाठी ही गोष्ट भाड्याइतकीच मोलाची होती.

सिमेंट रस्ते झाल्यावर कित्येक जुनी दुकानं रस्त्याच्या खाली गेली आहेत. उंबरठा रस्त्यापेक्षा खाली असेल तर गाडीवरून शटरचा वरचा भागच दिसतो, आणि पावसाळ्यात पाणी आत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून नागनदीला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो हात लावून दाखवतो.

नवीन ले-आउटमध्ये मोजायला माणसंच नाहीत, तिथे काय करायचं?

तिथे दिवे मोजा. रात्री साडेआठला चालत फिरून किती फ्लॅटमध्ये उजेड आहे ते बघा. बेसा, मनीषनगरच्या पुढे किंवा जामठ्याकडे पूर्ण बांधलेल्या इमारतीतही अर्ध्या खिडक्या अंधाऱ्या असतात, कारण फ्लॅट गुंतवणुकीचे असतात. बिल्डर सांगतो ती संख्या फ्लॅटची असते, माणसांची नव्हे. किराणा, दूध, इस्त्री यांना अशी जागा लवकर लागू पडते. मॅचिंगसारख्या धंद्याला टेलर येईपर्यंत थांबा.

करारात या गोष्टींपैकी काय लिहून घ्यावं?

बोर्डाची जागा आणि माप, काटकोनातल्या बोर्डाची परवानगी, आणि दुकानापुढची जागा घरमालक दुसऱ्या कुणाला ठेला लावायला देणार नाही ही अट. शेवटची लोक विसरतात आणि मग दारातच पाणीपुरीची गाडी उभी राहते. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे.

शेवटी वहिनीनं कोणती जागा घेतली?

आतली. बोलणी १४,००० वरून १२,५०० वर आली आणि सामान लावायला पहिला एक महिना बिनभाड्याचा मिळाला. हिशेब १२,००० सांगत होता, पाचशे रुपये तिनं उजेडाचे मोजले असं ती म्हणते. काटकोनातला बोर्ड लावला, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत फक्त 'मॅचिंग'.

पहिल्या महिन्यात सरासरी १६ बिलं झाली. चौथ्या महिन्यापासून २७-२८. आमचा अंदाज दोन ठिकाणी चुकला. सरासरी बिल २२० नव्हे, १८० च्या आसपास निघालं, कारण टेलरकडून येणारी बाई बरेचदा फक्त अस्तर नेते. आणि दुपार, जी आम्ही जवळजवळ मेलेली धरली होती, ती थोडी जिवंत निघाली: टेलरच्या कारागिरांना दुपारीच धागा-हुक लागतात, ते रस्त्यावरून जाताना आमच्या मोजणीत कधी आलेच नव्हते, कारण आम्ही फक्त बायका मोजत होतो. आता वहिनी त्या दोन्ही टेलरांना महिन्याची उधारी देते आणि दुपारी दुकान बंद करत नाही.